नमुना ८ आणि सोबतचे पत्र

मतदार यादीचे एक पान म्हणजे तीस चौकटी. प्रत्येक चौकटीत अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, मतदाराचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग. एवढ्याशा जागेत चूक व्हायला वाव तो किती, असे वाटते. पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही भागाची यादी काढून चार पाने वाचली, तर काळेंचे काले झालेले दिसतात, पोळांचे पोल होतात, आणि घर क्रमांकाच्या जागी शून्य किंवा नुसती आडवी रेघ असते.

यातल्या बऱ्याच चुका इंग्रजी आणि मराठीच्या मधल्या वाटेवर होतात. यादी दोन्ही लिप्यांत ठेवली जाते. ऑनलाइन अर्जात नाव इंग्रजीत टाइप केले की शेजारची मराठी चौकट आपोआप भरते. इंग्रजी अक्षरांतून ‘ळ’ की ‘ल’, ‘ण’ की ‘न’ हे यंत्राला कळत नाही, आणि अर्जदार ती मराठी चौकट क्वचितच वाचतो. कागदी अर्ज असेल तर घाईचे हस्ताक्षर आणि ते वाचणारा टंकलेखक यांच्यामध्ये उरलेली पडझड होते.

आता चूक दिसल्यावर आपण काय करतो? बहुतेक जण एक पत्र लिहितात. ‘मा. तहसीलदार साहेब, माझे नाव मतदार यादीत चुकीचे छापले असून ते दुरुस्त करावे ही विनंती.’ खाली सही, सोबत आधारची झेरॉक्स. पत्र आवक खिडकीवर जाते, शिक्का मिळतो आणि पुढे काही होत नाही. कार्यालयाने दुर्लक्ष केले अशी तक्रार मग होते. मात्र दोष दरवेळी कार्यालयाचाच असतो असे नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० याच्या कलम २२ने यादीतली नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार मतदार नोंदणी अधिकाऱ्याला दिला आहे, आणि त्यासाठीचा अर्ज कसा असावा हे मतदार नोंदणी नियम, १९६० मध्ये ठरलेले आहे. तो अर्ज म्हणजे नमुना ८. अधिकारी स्वतःहूनही चूक सुधारू शकतो, म्हणून नुसते पत्र अगदीच निरर्थक म्हणता येणार नाही. पण नमुना ८ मिळाला की त्याला क्रमांक पडतो, चौकशी लागते आणि निर्णय द्यावाच लागतो. पत्राच्या बाबतीत असे बंधन नाही.

मग पत्र कशाला लिहायचे? माझे मत असे की पत्र लिहावेच, पण नमुन्याच्या जागी नव्हे, नमुन्याला जोडून. नमुन्यात चौकटी असतात. चूक कशी झाली आणि कोणता कागद काय सिद्ध करतो, हे सांगायला त्यात जागा नसते. ती जागा पत्र देते. एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातली एकही अडचण कल्पित नाही.

समजा, पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या सुनंदा विनायक काणे यांचे नाव यादीत ‘सुनंदा विनय काने’ असे छापले आहे. पतीच्या नावाच्या रकान्यातही ‘विनय काने’च आहे. घर क्रमांक ७ आहे. तो त्यांच्या जुन्या इमारतीतल्या सदनिकेचा. ती इमारत पुनर्विकासाला गेली, बाई दोन वर्षे दुसरीकडे भाड्याने राहिल्या, आणि आता त्याच भूखंडावरच्या नव्या इमारतीत ब-३०२ मध्ये परतल्या आहेत. ओळखपत्रावर इंग्रजी आडनाव मात्र बरोबर आहे, कारण काणे आणि काने यांचे इंग्रजी स्पेलिंग एकच होते.

पहिला प्रश्न पत्त्याचा, आणि इथेच सर्वात जास्त अर्ज घसरतात. नमुना ८ हा चार वेगवेगळ्या कामांसाठी एकच अर्ज आहे : निवासस्थान बदलले म्हणून स्थलांतर, नोंदीतली दुरुस्ती, ओळखपत्र बदलून घेणे आणि दिव्यांग म्हणून नोंद. यातल्या एकाच पर्यायापुढे खूण करायची असते. घर बदलले असेल तर खूण स्थलांतराला. घर तेच, पण यादीत चुकीचे छापले असेल तर दुरुस्तीला. दोन्हीकडे ‘पत्ता’ हा शब्द असल्याने लोक गोंधळतात. स्थलांतराच्या अर्जावर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे आपले बीएलओ, नव्या पत्त्यावर तुम्ही राहता का हे पाहतात, आणि जुन्या ठिकाणची नोंद निघून नवीन ठिकाणी जाते. दुरुस्तीच्या अर्जात नोंद आहे तिथेच राहते, फक्त मजकूर बदलतो.

सुनंदाबाईंचे काय? दोन वर्षे त्या तिथे नव्हत्या. पण तात्पुरते बाहेर राहिल्याने कोणाचा ‘सामान्य निवास’ संपत नाही, असे १९५०च्या अधिनियमाचे कलम २० सांगते. त्यांचा सामान सोडवण्याचा टेम्पो दोनदा हलला असला तरी घर बदललेले नाही. त्याच जागेवरच्या इमारतीला नवे क्रमांक पडले आहेत. म्हणून त्यांची खूण दुरुस्तीला. हे सगळे नमुन्याच्या कोणत्याही चौकटीत मावत नाही. बीएलओ बाई किंवा सर जुन्या यादीवरून ‘घर क्रमांक ७’ शोधत आले, तर त्यांना तो सापडणारच नाही. अशा वेळी ‘मतदार आढळला नाही’ एवढा शेरा पडला तरी पुढे नाव वगळण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. हे टाळायचे असेल तर कोणीतरी आधीच लिहून ठेवायला हवे की जुने ७ म्हणजेच नवे ब-३०२. ते कोणीतरी म्हणजे आपले पत्र.

त्यांची मुलगी लग्नानंतर ठाण्याला राहायला गेली असेल, तर तिचे प्रकरण निराळे. तिचे घर खरेच बदलले आहे. तिने ठाण्यातल्या तिच्या मतदारसंघाच्या अधिकाऱ्याकडे स्थलांतराचा नमुना ८ द्यायचा. आडनावही बदलले असेल तर एकाच अर्जात दोन पर्याय धरता येत नसल्याने, स्थलांतर मंजूर झाल्यावर नावाच्या दुरुस्तीचा दुसरा अर्ज. इथे एक जुनी सवय आडवी येते. १ ऑगस्ट २०२२ पूर्वी मतदारसंघ बदलला की नमुना ६ भरावा लागत असे. त्या तारखेपासून नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. तरीही ‘दुसऱ्या मतदारसंघात गेलात ना, मग सहा भरा’ हा सल्ला अजून मिळतो. तो मानला तर नाव दोन ठिकाणी होते, आणि नमुना ६ मध्ये ‘माझे नाव इतरत्र नाही’ असे स्वतःच्या सहीने लिहून दिलेले असते. दोन ठिकाणी नाव ठेवायला कलम १७ची मनाई आहे. खोट्या घोषणेसाठी कलम ३१मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नावातली चूक काढण्यासाठी नवीन नाव नोंदवणारेही असतात. त्यांची गोष्ट तीच.

आता कागद. ‘आधार जोडले की झाले’ हा समज नावाच्या बाबतीत दगा देतो. सुनंदाबाईंना ‘न’चा ‘ण’ करून हवा आहे. पॅन कार्डवर नाव इंग्रजीत असते. त्यावरून ‘ण’ सिद्ध होत नाही. आधारवर मराठी ओळ असते, पण तीही पुष्कळदा त्याच यांत्रिक लिप्यंतरातून आलेली असल्याने तिथेही ‘काने’च असू शकते. चुकीचे मराठी नाव असलेला पुरावा जोडून मराठी नाव सुधारा म्हणणारे अर्ज कमी नसतात. झेरॉक्स काढण्यापूर्वी आधारवरची मराठी ओळ वाचा. तिथे गडबड असेल तर मराठीतला शाळा सोडल्याचा दाखला किंवा लग्नाचे प्रमाणपत्र जास्त उपयोगी. पतीचे नाव ‘विनायक’ आहे, हे लग्नाच्या प्रमाणपत्रावरून एकाच फटक्यात सिद्ध होते.

पत्त्याच्या पुराव्यांची यादी नमुन्यातच छापलेली असते : त्या पत्त्यावरचे किमान एक वर्षाचे वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, आधार, बँकेचे किंवा टपाल खात्याचे चालू पासबुक, पासपोर्ट, महसूल विभागाचा जमिनीचा उतारा, नोंदणीकृत भाडेकरार किंवा विक्रीकरार. नव्या इमारतीत वीजमीटर बसून सहा महिनेच झाले असतील तर बिल चालत नाही. पासबुकावर नवा पत्ता करून घेणे हा त्यातल्या त्यात सोपा रस्ता. सोसायटीचे पत्र या यादीत नाही. पण जुना आणि नवा क्रमांक एकाच भूखंडाचे आहेत हे सांगायला तेच कामाचे, म्हणून ते पुरावा म्हणून नव्हे, खुलासा म्हणून जोडायचे.

या सगळ्याचे पत्र साधारण असे होईल.

प्रति,
मा. मतदार नोंदणी अधिकारी,
२१० कोथरूड विधानसभा मतदारसंघ, पुणे.

विषय : मतदार यादीतील नाव, पतीचे नाव व घर क्रमांक दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ : नमुना ८ (दुरुस्ती), सोबत जोडला आहे. यादी भाग क्र. …, अनुक्रमांक …, ओळखपत्र क्र. …

महोदय,
वरील नोंद माझी आहे. तिच्यात पुढील तीन चुका आहेत.
१) ‘सुनंदा विनय काने’ असे छापले आहे, ‘सुनंदा विनायक काणे’ असे हवे. इंग्रजी आडनाव बरोबर असून त्यात बदल करू नये.
२) पतीचे नाव ‘विनय काने’ असे छापले आहे, ‘विनायक काणे’ असे हवे.
३) घर क्रमांक ‘७’ छापला आहे, ‘ब-३०२’ हवा. जुन्या इमारतीचा त्याच भूखंडावर पुनर्विकास झाला असून पूर्वीची सदनिका ७ म्हणजेच आताची ब-३०२. पुनर्विकासाच्या काळात मी तात्पुरती अन्यत्र राहत होते. माझे निवासस्थान बदललेले नाही.
चूक १ व २ साठी विवाह प्रमाणपत्र, चूक ३ साठी बँकेचे पासबुक आणि खुलाशासाठी सोसायटीचे पत्र जोडले आहे. पडताळणीसाठी येण्यापूर्वी सोबतच्या मोबाइल क्रमांकावर कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत : वरीलप्रमाणे, स्वसाक्षांकित प्रती.

या पत्रात ‘अतिशय मनस्ताप झाला’, ‘गेली कित्येक वर्षे’, ‘लोकशाहीतील माझा पवित्र हक्क’ यांपैकी काहीही नाही. कारकुनाला छापलेले आणि हवे असलेले शेजारी शेजारी दिसले पाहिजे, आणि कोणत्या चुकीला कोणता कागद हे शोधावे लागता कामा नये. ‘इंग्रजीत बदल करू नये’ हे वाक्य फालतू वाटेल, पण ते नसेल तर मराठी सुधारताना इंग्रजी बिघडवून ठेवल्याचा अनुभव येऊ शकतो. ऑनलाइन अर्ज करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे : इंग्रजी नाव टाइप झाल्यावर मराठी चौकटीत जाऊन ‘ण’ हाताने घालावा लागतो. संकेतस्थळ voters.eci.gov.in हे. तिथे अर्ज केल्यास हेच पत्र सही करून पुराव्याच्याच फाइलमध्ये शेवटचे पान म्हणून चढवता येते.

भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मात्र ताज्या यादीतून घ्यावेत. गेल्या निवडणुकीची चिठ्ठी कपाटात जपून ठेवलेली असते, पण पुनरीक्षणानंतर दोन्ही क्रमांक बदलू शकतात. ओळखपत्राचा क्रमांक सहसा टिकतो. तीन इंग्रजी अक्षरे आणि सात आकडे अशी त्याची रचना असते. कोणाकडे अजून जुने ‘MT’ने सुरू होणारे, तिरप्या रेघांचे लांबलचक क्रमांकाचे कार्ड असेल, तर आधी १९५० या हेल्पलाइनवर किंवा बीएलओंकडे आपला नवा क्रमांक विचारून घ्यावा.

घरातल्या चार माणसांची नावे दोन मतदान केंद्रांत विभागली गेली आहेत, ही तक्रार शहरांत फार ऐकू येते. घर क्रमांक किंवा गल्ली चुकली की नोंद यादीच्या दुसऱ्याच अनुभागात पडते, आणि कधी दुसऱ्या भागात. तिथे पत्र विशेष कामाचे. चौघांचे ओळखपत्र क्रमांक, भाग आणि अनुक्रमांक एकाखाली एक लिहून ‘हे एकाच घरातील आहेत’ असे सांगता येते. नमुना ८ मात्र ज्याची नोंद चुकली त्या प्रत्येकाचा वेगळा. सोसायटीच्या सचिवांनी चाळीस सदस्यांची एक यादी करून खाली एकट्याने सही केली, तर तो चाळीस जणांचा अर्ज होत नाही. निवडणूक यंत्रणा असे गठ्ठे घेत नाही, आणि ते बरेच आहे. नाहीतर कोणाच्याही नावात कोणीही हात घातला असता.

अर्ज दिल्यावर पोच घ्यावी. नमुन्याच्या तळाशी पावतीचा भाग असतो. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का वेगळा मागून घ्यावा. मग अर्ज कार्यालयाच्या फलकावर लागतो आणि हरकतींसाठी सात दिवसांची मुदत असते. म्हणून ‘उद्या करून द्या’ म्हणणाऱ्याला कोणताही अधिकारी उद्या करून देऊ शकत नाही. या मुदतीतच बीएलओ पडताळणीला येतात. दार बंद असले, फोन उचलला नाही, झेरॉक्स काळी पडून अक्षर लागेना, अशा कारणांनी अर्ज फेटाळले जातात.

सगळ्यात कडक तारीख निवडणुकीची. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर, निवडणूक पूर्ण होईपर्यंत, त्या मतदारसंघाच्या यादीत कोणतीही दुरुस्ती करता येत नाही. कलम २३चीच ती मनाई आहे. सात दिवसांची मुदत तिच्या आधी बसली पाहिजे, म्हणजे शेवटच्या दिवसाच्या किमान दहा दिवस आधी अर्ज आत गेलेला हवा. निवडणूक जाहीर झाली की कार्यालयाबाहेर रांगा लागतात त्या बहुतेक उशिरा जाग आलेल्यांच्या.

चूक तशीच राहिली तर मत जाते का? नावात अक्षराची चूक असेल तर सहसा नाही. किरकोळ लेखनाची किंवा छपाईची चूक, माणूस तोच आहे याची खात्री पटल्यावर, मतदान केंद्राध्यक्षाने सोडून द्यावी असे १९६१च्या निवडणूक नियमांत आहे. ‘काने’ छापले म्हणून सुनंदाबाईंना कोणी परत पाठवू नये. पण पत्त्याची चूक वेगळ्या वाटेने त्रास देते. तिच्यामुळे नाव भलत्या केंद्रात जाते किंवा पडताळणीत वगळले जाते, आणि यादीत नाव नसेल तर कोणतेही ओळखपत्र उपयोगाचे नाही. नावाच्या चुकीचा खरा हिशेब विशेष सखोल पुनरीक्षणात होतो. बिहारमध्ये २०२५ साली तो झाला तेव्हा २००३च्या यादीत नाव असणाऱ्यांना वेगळा पुरावा द्यावा लागला नाही, आणि ज्यांचे नव्हते त्यांच्यासाठी आई-वडिलांची त्या यादीतली नोंद कामी आली. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या चुकलेल्या आडनावाशी आजचे आडनाव जुळवणे किती कटकटीचे, हे सांगायला नको. पतीचे किंवा वडिलांचे नाव ‘चालतंय’ म्हणून सोडून देऊ नये, ते याचसाठी.

महापालिका किंवा जिल्हा परिषदेची निवडणूक आली की आणखी एक घोटाळा होतो. प्रभागाची प्रारूप यादी लागते, हरकती मागवल्या जातात आणि लोक तिथे नाव-पत्त्याच्या दुरुस्तीचे पत्र देतात. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी तयार करत नाही. तो विधानसभेची ठरावीक तारखेची यादी घेऊन ती प्रभागांत विभागतो. २०२५च्या स्थानिक निवडणुकांसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती. विभागताना आपले नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेले, किंवा विधानसभा यादीत असून प्रभागाच्या यादीत आलेच नाही, तर ती हरकत तिथे चालते. मूळ यादीतल्या ‘काने’चे ‘काणे’ मात्र तिथे होत नाही. त्यासाठी पुन्हा मतदार नोंदणी अधिकारी आणि नमुना ८.

मंजुरीचा संदेश आल्यावर यादी पुन्हा पाहावी. दुरुस्त नोंद पुरवणी यादीत येते आणि मूळ चौकटीतल्या अनुक्रमांकाआधी ‘#’ हे चिन्ह दिसते. चौकटीवर आडवा ‘DELETED’ असा शिक्का आणि अनुक्रमांकाआधी ‘S’ दिसला, तर दुरुस्तीऐवजी स्थलांतरित म्हणून नाव वगळले गेले आहे असे समजावे आणि त्याच दिवशी कार्यालय गाठावे. असे नाव वगळण्यापूर्वी मतदाराला म्हणणे मांडण्याची संधी देणे कलम २२नेच बंधनकारक केले आहे. ती मिळाली का, हे तिथे विचारता येते.

अर्ज फेटाळला गेला तर लेखी आदेशाची प्रत मागावी. त्यावर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि तिथेही नकार आला तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. अपिलात पहिल्यांदा विचारले जाते ते मूळ अर्जात काय मागितले होते आणि कोणते कागद जोडले होते. आवक शिक्क्याची ती दुसरी प्रत तेव्हा पुढे ठेवायची.